संपलेलं पेन आणि मोडलेली फांदी

नववीच्या वह्या तपासत होते. प्रश्न माझाच होता: 'तुम्ही अनुभवलेला उपरोधाचा एखादा प्रसंग पाच ओळींत लिहा.' पहिल्या वहीत एका मुलीने लिहिलं होतं, "काल मी आणि माझी मैत्रीण, दोघी एकाच दिवशी अगदी सारखी निळी दप्तरं घेऊन आलो. आम्ही काहीच ठरवलं नव्हतं. केवढा हा उपरोध!" दुसऱ्या वहीत होतं, "ऐन परीक्षेत माझं पेन संपलं. नियतीने माझ्यावर उपरोध केला." तिसऱ्या वहीत एका मुलाने लिहिलं होतं, "पंखा पुसायला चढलो आणि भिंतीवरचं घड्याळ पाडलं. ताई म्हणाली, वा! मोठे दिवे लावलेस."

तिसऱ्यापुढे मी बरोबरची खूण केली, पहिल्या दोघांपुढे फुली मारली आणि फुलीशेजारी कारण लिहायला पेन टेकवलं. कारण लिहिता येईना. या दोन्ही उत्तरांत काहीतरी चुकलंय हे मला नक्की कळत होतं. पण 'हा उपरोध नाही, योगायोग आहे' एवढं लिहून मुलांना काय समजणार? त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "मग फरक काय, बाई?" त्या रात्री मी या फरकावर बराच वेळ विचार केला आणि दुसऱ्या दिवशी वह्यांचा गठ्ठा घेऊन वर्गात गेले.

सुरुवात घड्याळ पाडणाऱ्या मुलापासून केली, कारण तिथे वाद नव्हता. ताई खोटं बोलली का, असं मी विचारलं. दिवे कुणीच लावले नव्हते आणि ताईच्या तोंडी तर कौतुक होतं. वर्ग म्हणाला, खोटं नाही. मग खोटं आणि हे, यात फरक कुठला? मागच्या बाकावरून उत्तर आलं: "बाई, खोटं बोलणाऱ्याला वाटतं की पकडलं जाऊ नये. ताईला वाटत होतं की ह्याला कळलंच पाहिजे." एवढं नेमकं उत्तर मलाही सुचलं नसतं. शाब्दिक उपरोधाचा पाया हाच आहे. बोलणारा शब्द एक वापरतो, मनात दुसरंच असतं आणि ऐकणाऱ्याला दोन्ही एकदम दिसावं अशी त्याची इच्छा असते. त्यासाठी तो खुणा ठेवतो. जमिनीवर पडलेलं घड्याळ ही एक खूण. समोरची वस्तुस्थिती शब्दांना खोटं पाडत असते. आवाज ही दुसरी. 'वा' लांबवलेला, 'मोठे' वर दाब, शेवट खाली उतरलेला. आपल्या जुन्या काव्यशास्त्रात आवाजाच्या या वळणाला 'काकु' असं नावच आहे, आणि वक्रोक्तीचा एक प्रकार या काकूवरच उभा आहे: तेच वाक्य, फक्त म्हणण्याची ढब बदलली की अर्थ फिरतो.

कागदावर ही काकु हरवते, म्हणून लिहिलेला उपरोध इतक्या वेळा फसतो. कुणी स्पर्धेत शेवटचं आलं आणि मैत्रिणीने 'छान धावलीस' असा निरोप लिहून पाठवला, तर ती टोचतेय की धीर देतेय? ओळ तीच आहे. आवाज नाही, चेहरा नाही. ही अडचण जुनी आहे. अल्कांते द ब्राम नावाच्या एका फ्रेंच कवीने १८९९ मध्ये उपरोधासाठी स्वतंत्र विरामचिन्ह सुचवलं होतं, साधारण आरशात दिसणाऱ्या प्रश्नचिन्हासारखं. वाक्याच्या शेवटी ते दिसलं की वाचकाने समजायचं, इथे सरळ अर्थ घ्यायचा नाही. ते रुजलं नाही आणि मला त्याचं नवल वाटत नाही. उपरोधात गंमत असते ती ऐकणाऱ्याने स्वतः ओळखण्यात. 'मी आता उपरोधाने बोलतोय' अशी पाटी लावली की तो तिथेच विझतो.

इथे व्याकरणाच्या पुस्तकांशी माझं एक भांडण आहे. 'बोलायचं असतं त्याच्या उलट बोलणे म्हणजे उपरोध' ही व्याख्या पाठ करायला सोपी, पण अपुरी. वाचनालयात तीन मुलं मोठमोठ्याने हसतायत. ग्रंथपाल त्यांच्याजवळ येऊन शांतपणे म्हणतात, "शांत बसून वाचणारी मुलं मला फार आवडतात." यात उलटं काय आहे? त्यांना तशी मुलं खरोखरच आवडतात. वाक्य शब्दशः खरं आहे आणि तरीही ते उपरोधाचं आहे, कारण ते अशा मुलांना उद्देशून आहे जी त्यात कुठेच बसत नाहीत. म्हणजे अर्थ उलटा असण्यापेक्षा शब्द आणि प्रसंग यांचं न जुळणं महत्त्वाचं. आणि हे न जुळणं दरवेळी टोचायलाच असतं असंही नाही. "काय वाईट खोड आहे बघा हिला, दिलेला अभ्यास दिलेल्या दिवशीच करून टाकते!" असं कुणी म्हणालं तर वरून निंदा आणि आतून कौतुक. व्याजस्तुती शिकताना हे दोन्ही प्रकार आपण पाहतो, पण परीक्षेत बहुतेकांना आठवते ती फक्त कौतुकात लपवलेली निंदा.

शाब्दिक उपरोध माणूस करतो. पेन संपलं तेव्हा मात्र कुणी काही बोललं नव्हतं. 'नियतीने उपरोध केला' असं आपण म्हणतो ते लाक्षणिक अर्थाने. नियतीला तोंड नसतं. प्रसंगातून होणारा हा उपरोध ओळखणं अवघड, आणि फुलीशेजारचं माझं पेन अडलं होतं ते इथेच. बोलीत त्याला एक सुंदर म्हण आहे: करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मूर्ती बिघडली एवढंच ती म्हण सांगत नाही. करायचं ठरवलं होतं काय आणि हातून घडलं काय, या दोहोंतलं अंतर ती दाखवते.

पेनवाल्या मुलाला मी फळ्याजवळ बोलावलं आणि त्याचाच प्रसंग थोडा थोडा बदलत नेला. फळ्यावर पहिली ओळ लिहिली: परीक्षेत पेन संपलं. हा उपरोध का नाही? पेनं संपतातच. तीन तास सलग लिहिलं तर संपण्याची शक्यता वाढते. वाईट झालं, पण कुठलीच अपेक्षा उलटली नाही. दुसरी ओळ: परीक्षेत त्याचं पेन संपलं आणि त्याच मिनिटाला शेजारच्याचंही संपलं. वर्ग हसला, पण हा योगायोग. दोन पेनांचा एकमेकांशी संबंध नव्हता. तिसरी ओळ: तो चार पेनं घेऊन आला होता, 'संपलं तर पंचाईत नको' म्हणून, परीक्षेआधी मित्रांनी मागितली म्हणून तीन वाटून टाकली आणि त्याचंच संपलं. आता काहीतरी बदललंय हे सगळ्यांना जाणवलं. ज्याने सगळ्यात जास्त काळजी घेतली त्याच्यावरच वेळ आली.

चौथी ओळ त्या मुलानेच सुचवली. "बाई, असं करा. त्याने एक भारी पेन खास परीक्षेसाठी म्हणून जपून ठेवलं. वर्षभर एकदाही वापरलं नाही, खराब होईल म्हणून. आणि परीक्षेत ते चालेचना, कारण न वापरल्यामुळे शाई आत वाळून गेली होती." वर्गात क्षणभर शांतता पसरली आणि मग हशा फुटला. पेन खराब होऊ नये म्हणून जे केलं, त्यानेच पेन खराब झालं. चारही ओळींत पेन बंद पडतं, पण तिसरी-चौथी ऐकून आपल्याला कुणीतरी गालात हसतंय असं वाटतं आणि पहिली-दुसरी ऐकून वाटत नाही. तिसरीत अपेक्षा उलटली. चौथीत ती उलटलीच, शिवाय उलटवली तीही अपेक्षा बाळगणाऱ्याच्याच हाताने.

असं फक्त गोष्टीतच घडतं का, असं एकीने विचारलं. मग मी त्यांना हनोईच्या उंदरांची गोष्ट सांगितली. ही गोष्ट खरी आहे आणि मला स्वतःला ती फार आवडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएतनामवर फ्रेंचांचं राज्य होतं. हनोई शहर आधुनिक आणि स्वच्छ करायचं म्हणून त्यांनी फ्रेंच वस्तीखाली भूमिगत गटारं बांधली. उंदरांना याहून चांगली जागा मिळाली नसती. अंधार, ऊब, खाणं आणि शत्रू कुणी नाही. गटारांतून उंदीर थेट घरांमध्ये येऊ लागले, आणि प्लेग उंदरांबरोबर पसरतो हे तोवर कळलेलं होतं. तेव्हा १९०२ मध्ये उंदीर मारायला माणसं नेमली. ती गटारांत उतरून रोज हजारो उंदीर मारत. १२ जून १९०२ या एका दिवसाचा आकडा २०,११४ आहे. तरीही उंदीर संपेनात. मग सरकारने सामान्य लोकांना बक्षीस जाहीर केलं: मारलेल्या दर उंदरामागे एक सेंट. पण मेलेले उंदीर ढिगाने कचेरीत आले तर त्यांची विल्हेवाट कोण लावणार? म्हणून नियम ठरला, नुसती शेपटी आणून द्या, पैसे घ्या.

मी इथे थांबले आणि पुढे काय झालं असेल, असं विचारलं. पहिला अंदाज लगेच आला: "शेपटी कापून सोडून दिला!" अगदी तसंच झालं. शहरात शेपटी नसलेले, धडधाकट उंदीर हिंडताना दिसू लागले. जिवंत सोडलेला उंदीर पिल्लं घालणार, म्हणजे आणखी शेपट्या मिळणार. यापुढची पायरी मात्र वर्गाला सुचली नाही. आरोग्य खात्याच्या लोकांना शहराबाहेर चक्क उंदीर पाळण्याचा उद्योग चाललेला आढळला. बक्षीस बंद करावं लागलं.

या गोष्टीत उपरोध दोनदा आहे. दुसरा सगळ्यांना दिसतो: उंदीर कमी व्हावेत म्हणून दिलेल्या पैशाने उंदीर वाढवले गेले. पहिला गोष्टीच्या सुरुवातीला लपलेला आहे, आणि तो शोधायला मी मुलांना थोडा वेळ दिला. स्वच्छतेसाठी बांधलेल्या गटारांनीच उंदरांना घर दिलं. दोन्ही ठिकाणी नुसतं 'वाईट झालं' असं म्हणून भागत नाही. उपाय हाच अपाय झाला. त्याच वर्षी हनोईत पूर आला असता तर ते संकट झालं असतं, उपरोध नव्हे.

मग मी त्यांना एक चाचणी दिली. ती कुठल्या पुस्तकातली नाही. रात्री वह्या समोर ठेवून विचार करताना सुचली आणि आजवर बरीच उपयोगी पडली आहे. प्रसंगातला माणूस किंवा वस्तू बदलून पाहायची. अग्निशमन केंद्राची इमारत आगीत जळाली. आता केंद्राच्या जागी गोदाम घाला. गोदाम जळालं, ही वाईट बातमी, पण नुसती बातमी. पहिल्या वाक्यात जे चमकलं होतं ते गेलं. म्हणजे ती चमक आग आणि आग विझवणारे यांच्या नात्यातून आली होती. वीज पडून आग लागली असली, कुणाची चूक नसली, तरी ते नातं राहतंच. म्हणून अशा प्रसंगात कारण सापडलंच पाहिजे असं मी म्हणत नाही. सापडलं तर उपरोध आणखी धारदार होतो, एवढंच. वक्तशीरपणावर भाषण देणारा मुलगा उशिरा पोचला, तर उपरोध आहेच. भाषणाची शेवटची तालीम करत बसला म्हणून उशीर झाला, तर तो दुपटीने आहे.

आता हीच चाचणी योगायोगाला लावा. वर्गातल्या दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला आहे. त्या दोघांच्या जागी दुसरे दोघे घाला, दुसरी तारीख घाला. आश्चर्य जेवढ्यास तेवढंच राहतं. कोणाच्या बाबतीत घडलं याने काहीच फरक पडत नाही, कारण कुणाची कसली अपेक्षाच नव्हती जी उलटावी. दोन गोष्टी शेजारी येऊन पडल्या आणि आपल्याला त्यांची जोडी दिसली. 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ' ही म्हण यासाठीच आहे. कावळ्याऐवजी साळुंकी बसली असती तरी म्हण चालली असती. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. तिथे कावळा आणि ताडाचं फळ आहे. दोन्हीकडे सांगणं एकच: कावळ्याच्या वजनाने काही मोडलं किंवा पडलं नाही.

योगायोगाबद्दल आणखी एक गोष्ट मुलांना सांगावीशी वाटली, कारण 'केवढा हा उपरोध' असं लिहिण्यामागे बहुतेकदा 'असं कसं घडू शकतं' हा अचंबा असतो. आमच्या वर्गात चाळीस मुलं. त्यांतल्या निदान दोघांचा वाढदिवस एका तारखेला येण्याची शक्यता किती? बहुतेकांनी दहा टक्क्यांच्या आसपास सांगितली. खरं उत्तर सुमारे ८९ टक्के आहे. निम्म्याहून थोडी जास्त शक्यता यायला तर २३ माणसं पुरतात. हे अविश्वसनीय वाटतं, कारण आपण मनात 'माझ्या तारखेला कोण?' असं विचारत असतो. प्रश्न तो नाही. कुठल्याही दोघांची तारीख जुळली तरी चालणार आहे. २३ जणांत प्रत्येकजण उरलेल्या २२ जणांशी जोडी लावू शकतो. २३ गुणिले २२, आणि प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली म्हणून भागिले दोन. २५३ जोड्या होतात. चाळीस जणांत ७८०. इतक्या जोड्यांना प्रत्येकी एकदा संधी मिळत असताना एकही जुळली नाही, तर त्याचंच नवल करायला हवं. आम्ही लगेच तारखा विचारत गेलो. अकराव्या मुलाशी जोडी सापडली. ती दोघं एकमेकांकडे असं बघायला लागली की जणू त्यांचं काहीतरी गुपित फुटलंय.

कावळ्याच्या म्हणीवर मी त्यांना एक काम दिलं: त्यात उपरोध आणून दाखवा. फांदी मोडायलाच हवी आणि कावळाही हवाच. बऱ्याच उत्तरांत कावळा नुसताच जास्त दुर्दैवी झाला. त्याच्या अंगावर फळ पडलं, पाऊस आला. वाईट गोष्टींची भर घातली की उपरोध होतो, हा समज मुलांतही असतो आणि मोठ्यांतही. एका मुलीचं उत्तर मात्र मी अजून विसरलेले नाही. तिचा कावळा फार सावध होता. त्याने झाडाची प्रत्येक फांदी उड्या मारमारून तपासली, सगळ्यात मजबूत ठरली तिच्यावर जाऊन बसला आणि तीच फांदी मोडली; कारण सगळ्यात जास्त उड्या त्याने तिच्यावरच मारल्या होत्या.

काही प्रसंगांवर मात्र आमचं एकमत झालं नाही. धावण्याच्या शर्यतीत जिंकलेल्या मुलाचं आडनाव 'सावकारे' होतं असं समजा. निम्मा वर्ग म्हणाला उपरोध, कारण आडनावात 'सावकाश' ऐकू येतं. माझं मत योगायोग. आडनाव त्याने निवडलेलं नाही आणि आडनावावरून कुणी वेगाची अपेक्षा करत नाही. तेव्हा एका मुलाने 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण माझ्यापुढे टाकली. तिथे तर नावच उलटलंय! मला विचार करावा लागला. सोनूबाई या नावात ठेवणाऱ्यांची हौस आहे, एक वचन आहे. ते मोडलं म्हणून आपण हसतो. सावकारे या नावात कुणी काही कबूल केलेलं नाही, फक्त कानाला साम्य लागलं. मला हा फरक पटतो. त्या मुलाला तो पुरता पटला असं वाटलं नाही, आणि मी ताणलं नाही.

तास संपला. निळ्या दप्तराची मुलगी वही घेऊन टेबलाशी आली. चाचणी तिच्या लक्षात आली होती. "बाई, माझ्या जागी दुसरी कुणी असती तरी चाललं असतं, म्हणून योगायोग ना?" मी हो म्हणाले. ती घुटमळली. मग म्हणाली, "पण बाई, आमचं भांडण झालं होतं. आधी आमची दोघींची दप्तरं सारखीच होती, लाल. वर्षभर सगळे आम्हाला जुळ्या म्हणायचे. भांडण झाल्यावर मी आईला सांगितलं, मला हिच्यासारखं दप्तर नको, दुसरं घे. तिनेही तिच्या घरी तेच सांगितलं होतं. मला काल कळलं."

"मग हे लिहिलं का नाहीस?"

"पाचच ओळी सांगितल्या होत्या तुम्ही."

मी फुली खोडली. वही तिच्याकडे परत दिली आणि सहावी ओळ लिही म्हटलं. तिने तिथेच, टेबलाच्या कडेवर वही टेकवून लिहिली: "ती दप्तरं आम्ही एकमेकींपेक्षा वेगळं दिसायला घेतली होती." दारात दुसरं निळं दप्तर तिची वाट बघत उभं होतं.